दम लागालाय, पण दमा नव्हे

"मला सहावा महिना चाललाय. जिना चढले किंवा भाकरी करायला बसले की दम लागालाय. कधी नुसतं बोलतानाही मधेच मोठा श्वास घ्यावा लागतो. पोट तर अजून एवढं मोठं नाही. सासूबाई म्हणतात, दमा लागला असणार, छातीचा फोटो काढून घे. मला भीती वाटते ती बाळाला हवा कमी पडत असेल ह्याची."

या ताई खानापूर तालुक्यातल्या, वय 24, पहिलटकरीण. सोबत सासूबाई होत्या. आपल्या सीमाभागात या तक्रारीत भाषेचाही थोडा घोळ होतो. मराठीत चढण चढल्यावर कुणालाही 'दम लागतो' आणि 'दमा' हा वेगळा आजार. पण कन्नडमध्ये 'दम्मु' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात बऱ्याचदा थेट दमाच येतो. दवाखान्यात कन्नडमधून सांगताना सासूबाईंनी तोच शब्द वापरला होता, आणि घरी परत येईपर्यंत तो आजार होऊन बसला. म्हणून समुपदेशनात आधी शब्द बाजूला ठेवून नेमकं काय होतं तेवढंच विचारलं.

पहिला प्रश्न होता, हे सुरू कधी झालं? ताई म्हणाल्या, तिसऱ्या महिन्यात, ओकाऱ्या चालू होत्या तेव्हापासून. अर्धं उत्तर इथेच मिळतं. तिसऱ्या महिन्यात गर्भाशय जेमतेम ओटीपोटाच्या हाडाच्या वर आलेलं असतं. ते फुप्फुसाला कुठून दाबणार? "पोट वर दाबतं म्हणून दम लागतो" हे सगळेच सांगतात, पण ते शेवटच्या महिन्यांपुरतं आणि तेही अर्धंच खरं आहे. सुरुवात पोटातून होत नाही, मेंदूतून होते.

श्वास कधी घ्यायचा हे मेंदू मुख्यतः रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडवरून ठरवतो. एरवी रक्तात त्याचा दाब पाऱ्याच्या 40 मिलिमीटरच्या आसपास असतो. गर्भारपणात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं आणि मेंदूतल्या श्वासाच्या केंद्राला जास्त जागरूक करतं. मग तो दाब 30 च्या आसपास उतरेपर्यंत मेंदू श्वास खोल करत राहतो. फ्रिजचं बटण एक आकडा पुढे सरकवलं की मोटार जास्त वेळ चालते, म्हणून फ्रिज बिघडला असं कुणी म्हणत नाही. तसंच हे.

हा बदल किती मोठा असतो ते सासूबाईंना दुधाच्या पिशवीवरून सांगितलं. एरवी बसल्या जागी एका श्वासात अर्ध्या लिटरच्या पिशवीएवढी हवा आत जाते. गर्भारपणात तोच श्वास साधारण 650 ते 700 मिलिलिटरचा होतो. मिनिटाला किती श्वास, हा आकडा मात्र फारसा बदलत नाही. मिनिटाला 15 श्वास धरले, तर आधी साडेसात लिटर हवा आत यायची, आता दहा लिटरच्या आसपास येते. ऑक्सिजनची गरज वाढते ती मात्र साधारण पाचव्या हिश्शाने. म्हणजे हवा गरजेपेक्षा जास्तच येते आहे. ताईंना जाणवतं ते हवेचं कमी पडणं नव्हे, श्वासाचे वाढलेले कष्ट. एरवी आपला श्वास आपल्याला कळतही नाही, आता तो कळायला लागतो.

बाळाच्या हवेची भीतीही इथेच सुटते. बाळाच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड वारेतून आईच्या रक्तात यायचा, तर आईकडे तो कमी असायला हवा. पाणी उताराकडे वाहतं तसं ते आहे. आईचा 40 वरून 30 वर येतो, तेव्हा बाळासाठी उतार वाढतो. ज्या श्वासाची ताईंना धास्ती वाटत होती, तोच बाळाच्या कामाचा होता.

छातीची ठेवणही बदलते. बरगड्या बाहेरच्या बाजूला पसरतात आणि छातीचा घेर 5 ते 7 सेंटिमीटरने वाढतो. "ब्लाउजचे खालचे हुक लागेनात," असं ताई आपणहून म्हणाल्या. ते नुसतं वजन वाढल्यामुळे नव्हतं. पुढच्या महिन्यांत श्वासपटल 4 सेंटिमीटरपर्यंत वर सरकतं, पण त्याचं वरखाली होणं कमी होत नाही. श्वास सोडल्यावर फुप्फुसात उरणारी हवा तेवढी कमी होते. नळीत जोरात फुंकून घेतलेल्या चाचणीचे आकडे मात्र गर्भारपणातही जवळपास आधीसारखेच राहतात. दम्यात ते पडतात. दमा आहे का, ही शंका फिटवायची असेल तर ही फुंकण्याची चाचणी उपयोगाची, छातीचा फोटो नव्हे, कारण दम्यातही फोटो बहुतेक वेळा स्वच्छच येतो. दम्यात श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज येतो, रात्री किंवा पहाटे खोकला येतो, धुराने छाती आवळते. ताईंना यातलं काहीच नव्हतं.

मग मोजणी केली. ताईंना दहा मिनिटं शांत बसवलं आणि हात पोटावर ठेवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं की आकडा चुकतो. आणि श्वास मोजतोय असं आधी सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो, म्हणून नाडी बघतो आहोत असं भासवावं. श्वास भरले 17. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर 98 आले. त्याआधी एका बोटावरचं नखपॉलिश काढावं लागलं. गडद रंग आणि गार पडलेली बोटं, दोन्ही आकडा खोटा दाखवतात. रक्तदाब 110/70. सलग वाक्य बोलता येत होतं, रात्री सपाट झोपल्यावर घुसमटून उठावं लागत नव्हतं.

हे सगळं नीट निघालं, पण गर्भारपणाच्या नोंदींच्या सरकारी तायी कार्डावर हिमोग्लोबिन होतं 10.1. गर्भारपणात 11 च्या खाली म्हणजे रक्तक्षय. "दम नॉर्मल आहे" एवढं सांगून मोकळं होणाऱ्यांची चूक इथेच होते. संप्रेरकामुळे लागणारा दम आणि रक्त कमी असल्यामुळे लागणारा दम एकाच बाईत एकत्र असू शकतात, आणि दुसऱ्यावर उपचार असतो.

लोहाच्या लाल गोळ्या घरात होत्याच. ताई रोज एक घेत होत्या, पण सकाळच्या चहाबरोबर आणि कॅल्शियमच्या गोळीसोबतच. चहा आणि कॅल्शियम दोन्ही लोह अंगी लागू देत नाहीत. डॉक्टरांनी गोळ्या दिवसाला दोन केल्या. वेळ बदलून दुपारी आणि रात्री जेवणानंतर तासाभराने, लिंबूपाण्यासोबत घ्यायच्या ठरल्या. कॅल्शियम त्यापासून निदान दोन तास लांब. शौचाला काळी होईल, त्याला घाबरायचं नाही, हेही सांगावं लागतं, नाहीतर चौथ्या दिवशी गोळ्या बंद होतात. महिन्याने हिमोग्लोबिन निदान 1 ने वाढलं नाही तर पुढची तपासणी करायची, नुसत्या गोळ्या चालू ठेवायच्या नाहीत.

भाकरीचं कोडं सोपं निघालं. ताई चुलीपुढे मांडी घालून, पुढे वाकून भाकऱ्या थापत होत्या. त्या बैठकीत पोट श्वासपटलाला खालून रेटतं, वर धूर. घरात गॅस होता, तो सासूबाई फक्त चहासाठी वापरत. भाकऱ्या ओट्यावर उभ्याने करायच्या ठरल्या. परकराची नाडी पोटाच्या खाली आणि सैल. पोटभर एकदम जेवण्याऐवजी चार-पाच वेळा थोडं थोडं. झोपताना डाव्या कुशीवर, पाठीला उशी लावून. पाचव्या महिन्यानंतर सपाट उताणं झोपलं की गर्भाशय पाठीच्या कण्यालगतच्या मोठ्या शिरेवर दाबतं, रक्त हृदयाकडे कमी जातं आणि गरगरतं. ते फुप्फुसाचं दुखणं नव्हे.

एक गोष्ट मात्र ताई स्वतःच वाढवून घेत होत्या. दम जाणवला की घाबरून त्या जोरजोरात खोल श्वास घ्यायच्या, कारण शेजारच्या अक्कांनी तसं सांगितलं होतं. आधीच 30 वर आलेला कार्बन डायऑक्साइड त्याने आणखी उतरतो. मग बोटांना मुंग्या येतात, ओठ बधिर होतात, डोकं हलकं होतं, आणि आता काहीतरी मोठं झालं असं वाटून श्वास आणखी वाढतो. उपाय उलटा आहे. बसायचं, कोपर टेबलावर टेकून किंचित पुढे झुकायचं, नाकाने साधा श्वास घ्यायचा आणि ओठ चंबूसारखे करून घेतलेल्याच्या दुप्पट वेळ सावकाश सोडायचा. दोन-तीन मिनिटांत मुंग्या थांबतात. कपालभाती, भस्त्रिका आणि श्वास कोंडून धरणं या काळात नको.

कुठे थांबायचं नाही, हे सासूबाईंकडून पाठ करून घेतलं. दम अचानक लागला, बसल्या जागी लागतो, वाक्य पूर्ण होत नाही, शांत बसूनही श्वास 20 च्या वरच राहतात किंवा ऑक्सिमीटर 95 च्या खाली जातो, तर त्याच दिवशी दवाखाना. छातीत दुखणं, एकच पाय सुजणं, थुंकीत रक्त, बेशुद्ध पडणं, किंवा डोकं दुखून तोंड सुजणं आणि रक्तदाब 140/90 च्या वर, यात तर 108 लाच फोन. दोन आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळचा ताप आणि वजन वाढत नसेल तर थुंकी तपासायची, आणि डॉक्टरांनी फोटो सांगितलाच तर गर्भारपण म्हणून नाही म्हणायचं नाही, त्यातला किरणांचा डोस अगदी थोडा असतो. निपाणीकडच्या विड्या वळणाऱ्या बायकांना तंबाखूच्या धुळीने आधीच खोकला असतो, त्यांचा खोकला "नेहमीचाच" म्हणून सोडून देऊ नये.

आणखी एक, हृदयाची झडप. लहानपणी सांधे सुजून ताप आलेल्या काही मुलींची झडप संधिवाताच्या तापाने अरुंद झालेली असते आणि ते कुणाला माहीत नसतं. गर्भारपणात रक्ताचं एकूण प्रमाण जवळजवळ दीडपट होत जातं, आणि ती झडप पाचव्या ते आठव्या महिन्यात पहिल्यांदा त्रास द्यायला लागते. रात्री उठून बसावं लागणं आणि धडधड ही तिची खूण. ताईंना असा ताप आल्याचं आठवत नव्हतं, तरी डॉक्टरांनी स्टेथोस्कोपने छाती ऐकली. आवाज स्वच्छ होते, म्हणून इको केला नाही.

महिन्याने हिमोग्लोबिन 11.3 झालं. थकवा गेला, पण जिन्यावरचा दम राहिलाच. तो राहणार हे आधीच सांगितलेलं असल्यामुळे कुणी फोटोचं नाव काढलं नाही. 37 व्या आठवड्यात बाळाचं डोकं ओटीत उतरलं आणि ताईंचा श्वास मोकळा झाला. त्याच आठवड्यापासून रात्रीत चार वेळा लघवीला उठणं मात्र सुरू झालं.