पहिल्या पॅऱ्यातच सगळं डिलीट होतं, काय करावं?

प्रश्न: लिहायला बसलो की दोन-तीन ओळींतच वाटतं हे फालतू आहे, आणि सगळं उडवतो. पहिला पॅरा कधी पूर्णच होत नाही. काय करू?

उत्तर:

पहिला पॅरा आत्ता लिहूच नका. खरंच सांगतोय.

माईक रोझ नावाच्या माणसाने १९८० साली अमेरिकेत, लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या १० विद्यार्थ्यांचा अभ्यास केला होता, पाच जण लिहिताना अडकणारे आणि पाच न अडकणारे. अडकणाऱ्यांच्या डोक्यात कडक नियम बसलेले होते, उदाहरणार्थ सुरुवात वाचकाला पकडणारीच पाहिजे, किंवा प्रत्येक वाक्य पहिल्याच फटक्यात बिनचूक पाहिजे. न अडकणाऱ्यांकडेही नियम होते, पण जमलं तर पाळू, नाहीतर पुढे जाऊ असे. म्हणजे डोक्यातला तो खडूस परीक्षक बरेचदा एखादाच नियम घेऊन बसलेला असतो. पुढच्या वेळी डिलीट करायच्या आधी तो नेमका काय म्हणाला ते शब्दशः लिहून ठेवा.

माझ्याकडे तो म्हणायचा, "सुरुवात भारी नाहीये." गावच्या एसटी स्टँडवरच्या कँटीनबद्दल लेख लिहीत होतो आणि पहिली ओळ आली "काही जागा माणसाला घडवतात". भिकार ओळ आहे, तो बरोबरच होता! पण तोपर्यंत कँटीनबद्दल एक शब्द लिहिला नव्हता, मग सुरुवात कशाची करणार? म्हणून ती जागा रिकामी सोडली आणि जे डोळ्यासमोर होतं तिथून घुसलो, मुक्कामी गाडीचा कंडक्टर पहाटे उठून चहाला यायचा, मालक त्याच्याकडून सुट्टे पैसे घ्यायचा आणि त्यावर दोघांची रोजची भांडणं. हे लिहिताना तो आतला फारसा बोलला नाही, कारण भांडण भारी आहे की नाही हा प्रश्नच नव्हता, ते झालं होतं. शेवटी लेख त्या सुट्ट्या पैशांवरूनच सुरू झाला.

मधे शब्द अडला तर तिथे फक्त ### टाका आणि पुढे चला, नंतर शोधून भरता येतं. ऱ्हस्व-दीर्घ तर अजिबात बघू नका, मराठीत लिहिणारे निम्मे लोक तिथेच गारद होतात (शाळेतली लाल शाई, दुसरं काय). फोनवर सारखं बॅकस्पेसकडे बोट जात असेल तर सरळ वही-पेन घ्या, खोडलेलं निदान वाचता तरी येतं आणि उद्या त्यातलंच काहीतरी उपयोगी पडतं.

एक मात्र तपासा. तेच सगळं मित्राला चहा पिता पिता सांगून बघा. तोंडी धडाधड सांगता आलं तर अडचण त्या परीक्षकाची आहे आणि वरचं चालेल. तिथेही दोन वाक्यांत संपलं तर बिचाऱ्या परीक्षकाला शिव्या देऊ नका, तुमच्याकडे अजून माल कमी आहे, ज्यांच्याबद्दल लिहिताय त्यांच्याशी जाऊन परत गप्पा मारा.