काजूची एकच पुडी, बिलात दोन ओळी

प्रश्न: मी महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. बिल पेन्सिलीनं खुणा करत तपासायची सवय अजून आहे. गेल्या रविवारी साताऱ्यातल्या एका सुपरमार्केटमधून किराणा आणला. घरी बिल ताडून पाहिलं, तर सुटे काजू दोनदा लागलेले: ०.२६२ किलो, ९२० रुपये दरानं २४१.०४ रुपये, आणि चार ओळींनंतर पुन्हा तेच. बिलावर १९ नग, पिशवीत १८. सोमवारी परत गेलो तर मॅनेजर म्हणाले, "काका, काउंटर सोडल्यावर तक्रार चालत नाही, पाटी लावलीय. तुम्ही दोन पुड्या नेल्या नाहीत कशावरून?" मुलगा म्हणतो, अडीचशे रुपयांसाठी कशाला डोक्याला त्रास. पोलिसांत जाऊ का? काही होईल का?

उत्तर:

नमस्कार. पोलिसांत जाऊ नका. फसवणुकीच्या गुन्ह्यासाठी सुरुवातीपासूनचा बेइमान हेतू दाखवावा लागतो, आणि एक पुडी दोनदा स्कॅन झाली एवढ्यावरून तो दिसत नाही. वैध मापन कार्यालयातही फेरी मारू नका. वजनात मारलं किंवा छापील किमतीपेक्षा जास्त घेतलं तर ते त्यांचं काम. तुमच्या बिलात वजन बरोबर आहे आणि दरही बरोबर आहे, फक्त ओळ एक जास्त आहे.

पाटीचा प्रश्न आधी निकालात काढू. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७२ प्रमाणे चुकून मिळालेले पैसे ज्याला मिळाले त्यानं परत करायचे असतात. तिथं कुणाचा हेतू वाईट होता का, हे पाहावं लागत नाही. दुकानदारानं भिंतीवर काय लिहिलं त्यानं हे बंधन उडत नाही. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी तर इथं गैरलागूच आहे, कारण तुम्ही माल परत करत नाही. जो माल दिलाच नाही त्याचे पैसे मागताय. शिवाय ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ठरलेल्या किमतीपेक्षा जास्त आकारणी हे तक्रारीचं कारण म्हणून सांगितलेलं आहे.

खरी लढाई मॅनेजरांच्या दुसऱ्या वाक्याशी आहे. सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर येते, आणि तुमचं नशीब असं की दोनदा लागलेली वस्तू साबणाची वडी नाही, सुटे काजू आहेत. साबणाच्या प्रत्येक वडीवर तोच बारकोड असतो. तिथं दोन ओळी म्हणजे दोन वड्या की एकच वडी दोनदा, हे बिलावरून कळूच शकत नाही. सुट्या मालाचं तसं नसतं. तुम्ही पिशवी भरता, काट्यावरचा मुलगा वजन करून स्टिकर चिकटवतो, आणि त्या स्टिकरच्या बारकोडमध्ये त्याच पुडीचं वजन किंवा रक्कम भरलेली असते. हातानं भरलेल्या दोन पुड्या ग्रॅमपर्यंत सारख्या, दोन्ही २६२ ग्रॅम, असं क्वचितच होतं. एकच स्टिकर दोनदा वाचलं गेलं, हाच सरळ अर्थ निघतो. तुम्ही १९ आणि १८ ची जी मोजणी केलीत ती तुमच्या शब्दावर उभी आहे. वजनाचा रकाना मात्र दुकानाच्याच कागदावर आहे. म्हणून युक्तिवाद त्याच्यावर उभा करा.

त्याआधी बिलाच्या शेवटाकडे एकदा नीट पाहा. कधी कॅशियरच्या लक्षात चूक येते आणि तो ओळ रद्द करतो; मग खाली तीच रक्कम उणे चिन्हासह छापली जाते. "एकावर एक मोफत" असेल तरी वस्तू दोनदा दिसते आणि सूट तळाशी वजा होते. पेन्सिलवाल्या माणसाला हे सांगायला नको, पण माझ्याकडे येणाऱ्या अशा काही बिलांत ती उणे ओळच निघते.

ती नसेल तर आजच तीन कामं करा. एक, बिलाचा फोटो आणि झेरॉक्स काढा. हा थर्मल कागद असतो, उन्हात किंवा नुसत्या पाकिटातही अक्षरं उडतात. दोन, काजूच्या पुडीवरचं स्टिकर जपून ठेवा. पुडी संपली असली तरी पिशवी फेकू नका. तीन, आणि हेच सगळ्यात घाईचं, दुकानाला लेखी कळवा की त्या दिवशीचं त्या काउंटरवरचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावं. अशी चित्रणं ठरावीक काळानंतर आपोआप पुसली जातात. बिल क्रमांक, काउंटर क्रमांक आणि वेळ बिलावर असतेच, ती पत्रात उतरवा. संगणकातली स्कॅनची नोंदही मागा. दोन्ही ओळींच्या स्कॅनची वेळ आणि काट्याची त्या वेळची नोंद पाहिली की काजू एकदाच तोलले गेले का, हे कळू शकतं. तुम्ही मागितलं आणि त्यांनी दिलं नाही, तर पुढे ग्राहक आयोगाला सांगता येतं की पुरावा त्यांच्या ताब्यात होता आणि त्यांनी तो दाबला.

पत्राचा मजकूर लांबवू नका. साधारण असा: "बिल क्र. अमुक, दि. अमुक. सुटे काजू ०.२६२ किलो, २४१.०४ रुपये, ही ओळ दोनदा लागली आहे. मी एकच पुडी घेतली. दोन्ही ओळींतील वजन ग्रॅमपर्यंत सारखं आहे. १५ दिवसांत २४१.०४ रुपये परत करावेत. त्या वेळचं काउंटरचं चित्रण व स्कॅनची नोंद जपून ठेवावी." ईमेल करा आणि एक प्रत स्पीड पोस्टानं कंपनीच्या मुख्य कार्यालयाला पाठवा, पत्ता बिलाच्या माथ्यावर असतो. मॅनेजर "सिस्टीममध्ये होत नाही" म्हणाले तर मानू नका, क्रेडिट नोट काढायची सोय जीएसटी कायद्यातच आहे. मात्र दुकानातच खर्च करायचं कूपन गळ्यात मारू पाहतील. तुम्ही पैसे दिलेत, तेव्हा पैसेच मागा.

पंधरा दिवसांत काही झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. ही हेल्पलाइन निकाल देत नाही, कंपनीकडे पाठपुरावा करते. पण मोठ्या साखळीची दुकानं बहुधा इथंच नमतात, कारण फाईल दुकानातून मुख्य कार्यालयात जाते.

तिथंही अडलं तर सातारा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. तुम्ही राहता तिथंच दाखल करता येतं. मालासाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील लावायची सक्ती नाही, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. दाखल करण्याची ऑनलाइन सोय आहे आणि अर्ज करून व्हिडिओवरून सुनावणीही मागता येते. कायद्यात निकालाची मुदत महिन्यांची आहे, प्रत्यक्षात तारखा त्यापुढे जातात. मुलाचं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं आहे.

आणि मागणी हिशोबात ठेवा. २४१.०४ साठी लाखाची भरपाई मागणारे अर्ज मी पाहतो, आणि त्यातल्या आकड्यामुळे खरी तक्रारही पोरकट दिसते. मूळ रक्कम, पोस्टाचा आणि झेरॉक्सचा खर्च पावत्यांसह, आणि लेखी मागूनही नकार दिल्याबद्दल माफक भरपाई, एवढंच लिहा. शेजाऱ्यांच्या बिलांतही सुट्या मालाच्या अशाच जोड ओळी निघाल्या, तर मला पुन्हा लिहा. मग तो एका कॅशियरच्या हाताचा घोळ उरत नाही, आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे जायचा रस्ता उघडतो.