शुगरच्या पायाची जखम : फोटोत दिसतं ते आणि न दिसणारं

प्रश्न : "अण्णांना बरीच वर्षं शुगर आहे. चैत्रात अनवाणी वणीला जाऊन आले, तेव्हापासून अंगठ्याच्या मुळाशी तळव्याला जखम आहे. फोटो टाकलाय. कालपासून लाली वाढलीय, पण दुखत नाही, तापही नाही. आम्ही दिंडोरीला असतो. सोमवारी नाशिकला दाखवलं तर चालेल का?"

सोमवारपर्यंत थांबू नका, आज रात्रीच निघा. मी नाशिकमध्ये सर्जिकल वॉर्डात बरीच वर्षं ड्रेसिंग करते. असे पाय रोज बघते, म्हणून इतकं स्पष्ट लिहितेय.

फोटोत जखमेभोवती जी पांढरट, जाड कड दिसतेय तो घट्टा आहे. चालताना त्याच जागी वारंवार दाब पडला की कातडी जाड होते. पुढे तो घट्टाच आतल्या मांसावर दाबत राहतो आणि खालची कातडी फाटते. त्यामुळे वरून रुपयाएवढी दिसणारी जखम घट्ट्याखाली किती पसरलीय, ते फोटोवरून कुणीच सांगू शकत नाही. सर्जन आधी ही कड कापतात आणि बोथट सळई आत घालून बघतात. सळईला खाली टणक लागलं, तर जखम हाडापर्यंत गेल्याचा दाट संशय असतो. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे एक्सरेमध्ये हाड ठीकच दिसू शकतं, म्हणून 'एक्सरे नॉर्मल आलाय' एवढ्यावर निर्धास्त होऊ नका.

मधला पिवळट चिकट थर आणि एका कडेचा काळा भाग म्हणजे मेलेलं मांस. त्याला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे अँटिबायोटिकची गोळी तिथपर्यंत पोचत नाही आणि जंतू मात्र तिथे वाढतात. ते काढावं लागतं, पण घरी नाही. पायाचा रक्तपुरवठाच कमी असेल, तर कोरडं काळं खपल्यासारखं मांस खरवडल्याने जखम आणखी चिघळते. म्हणून आधी पायाच्या नाड्या तपासतात. घट्ट्यावर दुकानातली कुरुपाची पट्टीही लावू नका, तिच्यातलं ॲसिड चांगली कातडीही जाळतं.

मला खरी काळजी लालीची आहे. जखमेच्या कडेपासून लाली दोन सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त पसरली, की डॉक्टर तिला साधं इन्फेक्शन म्हणत नाहीत. अण्णांची लाली अंगठ्याच्या बेचक्यातून पायाच्या वरच्या बाजूला आलीय आणि तिथे सूजही दिसतेय. जखम तळव्याला आणि सूज वर, असं दिसलं की तळव्यात खोल पू साठला असण्याची शक्यता धरावी लागते. तळव्याची कातडी जाड आणि ताणलेली असते, तिथे फुगायला जागाच नसते. पू स्नायूबंधांच्या कडेने सरकतो आणि सूज वरच्या सैल कातडीत दिसते. असा पू नुसत्या गोळ्यांनी जात नाही, चीर देऊन काढावा लागतो. त्यात एक-दोन दिवस गेले, तर बोटावर निभावण्यासारखं होतं ते पावलावर जातं.

दुखत नाही याचा आधार घेऊ नका. शुगरने नसा बधिर झाल्यात, म्हणून तर चालून चालून ही जखम झाली. इतके दिवस न दुखणारा पाय अचानक ठणकायला लागला, तर ते उलट जास्त वाईट समजा. ताप नसणंही पुरेसं नाही, कारण पायात भरपूर पू असूनही कित्येकांचा थर्मामीटर नॉर्मल असतो. त्यापेक्षा शुगर मोजा. जेवण-औषध तेच असताना ती एकाएकी वर गेली असेल, तर आत इन्फेक्शन चाललंय असं धरा.

निघण्याआधी बॉलपेनने लालीच्या कडेवर रेघ ओढा आणि शेजारी वेळ लिहा. सावळ्या कातडीवर लाली जांभळट किंवा नुसती गडद दिसते, म्हणून दुसरा पाय शेजारी ठेवून बघा आणि हाताच्या पाठीने दोन्हींचा गरमपणा ताडून पाहा. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना ती रेघ दाखवली, की लाली किती वेळात किती सरकली ते लगेच कळतं.

ताप १००.४ च्या वर, हुडहुडी, धाप, छातीत धडधड, बरळणं किंवा उलट्या यांतलं काही असेल, कुजका वास येत असेल, कातडी निळी-काळी पडून फोड आले असतील किंवा दाबल्यावर आत चरचर जाणवत असेल, तर गाडी शोधत बसू नका, १०८ ला फोन करा. विष रक्तात पसरत असेल किंवा मांस वेगाने मरत असेल, तर तासही महत्त्वाचे असतात.

जखमेवर स्वच्छ कोरडं गॉज ठेवून सैल बांधा. हळद, तंबाखू, गरम पाण्याचा शेक काही नको. बधिर पायाला पाणी किती गरम आहे ते कळत नाही आणि भाजतं. अण्णांना त्या पायावर चालू देऊ नका, गाडीपर्यंतही उचलून न्या. ऑपरेशन होईल म्हणून स्वतःच्या मनाने उपाशी ठेवू नका, औषध पोटात असताना शुगर एकदम उतरेल. औषधांची पाकिटं, जुने रिपोर्ट आणि पहिल्या दिवसापासूनचे फोटो बरोबर घ्या. जिथे रात्री सर्जन आणि ऑपरेशन थिएटर दोन्ही सुरू आहे, तिथेच जा. निघण्याआधी फोन करून तेवढं विचारा. कॅज्युअल्टीत पोचल्यावर 'पायाला जखम आहे' एवढंच सांगू नका. 'शुगरचा पेशंट आहे, तळव्याला जखम आहे, लाली कालपासून वर चढतेय' असं सांगा, म्हणजे नुसतं ड्रेसिंग करून परत पाठवणार नाहीत.