‘ला’ दिसला की द्वितीया

“माझी मुलगी आठवीत आहे. विभक्तीचा तक्ता तिला तोंडपाठ आहे, पण वाक्य समोर आले की उत्तरे चुकतात. ती घाबरते का, की तिला व्याकरण जमतच नाही?”

शाळेतील समुपदेशन कक्षात या आईने मुलीची वही माझ्यासमोर ठेवली, तेव्हा मी गुण न पाहता आधी चुका पाहिल्या. सातपैकी पाच चुका एकाच जातीच्या होत्या: जिथे चतुर्थी हवी, तिथे तिने द्वितीया लिहिली होती. याचे कारण तक्त्यातच होते. ‘स, ला, ते’ हे प्रत्यय द्वितीयेत आणि चतुर्थीत सारखेच असून पाठ म्हणताना द्वितीया आधी येते. त्यामुळे ‘ला’ भेटताच मुलगी तिथेच थांबत असे. घाई होती, पण ती भीतीतून आलेली नव्हती.

मी तिला एकच वाक्य दिले आणि प्रत्येक शब्दाशेजारी रूपाबरोबर नियमही लिहायला सांगितला: “आजीने झाडाखाली नातवाला आंबा दिला आहे.”

‘आजीने’ तिने लगेच ओळखले: तृतीया, प्रत्यय ‘ने’. ‘नातवाला’पाशी सवयीने द्वितीया आली. मी विचारले, “आजीने काय दिले?” “आंबा.” “कोणाला?” “नातवाला.” देण्याची क्रिया आंब्यावर घडते, म्हणून कर्म आंबा; नातू तो घेणारा, म्हणून चतुर्थी. मग मी वाक्य बदलले: “आजीने नातवाला उठवले.” उठवण्याची क्रिया थेट नातवावरच घडते, त्यामुळे तोच शब्द, तोच प्रत्यय, पण विभक्ती द्वितीया. (‘आंबा’ या रूपाला प्रत्यय नसल्याने काही शिक्षक प्रथमा लिहून घेतात, तर काही अर्थावरून द्वितीया, वर्गात कोणती रीत चालते, ते आईने विचारून घ्यावे, असे मी सुचवले.)

‘झाडाखाली’ला तिने सप्तमी म्हटले, कारण अर्थ ठिकाणाचा होता. पण सप्तमीचे प्रत्यय ‘त, ई, आ’. ‘खाली’ त्यांत नाही. ते शब्दयोगी अव्यय आहे आणि त्याच्या आधी ‘झाड’चे सामान्यरूप ‘झाडा’ झाले आहे. “आंबा खाली पडला” यात मात्र तेच ‘खाली’ कोणत्याही शब्दाला न जोडता क्रियेविषयी सांगते, म्हणून तिथे क्रियाविशेषण. ‘दिला आहे’ला तिने भूतकाळ लिहिला होता, ‘दिला’ एकटा असता तर ते बरोबर ठरले असते, पण ‘आहे’ जोडल्याने तो पूर्ण वर्तमानकाळ होतो.

पुढच्या आठवड्यात तिने “शाळा घरापासून लांब आहे” हे वाक्य सोडवून आणले. ‘घरापासून’शेजारी आधी पंचमी लिहिली होती, मग ती खोडून खाली नियम मांडला होता: “पंचमीचे प्रत्यय ऊन, हून. ‘पासून’ हे शब्दयोगी.”