एकट्याच्या कर्जाची थकबाकी बँक आईसोबतच्या जॉइंट खात्यातून वसूल करू शकते का?

प्रश्न : माझ्या एकट्याच्या नावावर वाशी शाखेचे पर्सनल लोन आहे. ५ एप्रिल, ५ मे आणि ५ जूनचे ११,४०० रुपयांचे तीन हप्ते थकले. २४ जूनला बँकेने माझ्या पगाराच्या खात्यातून १२,६०० आणि नौपाडा शाखेतल्या आई व माझ्या जॉइंट खात्यातून (त्यात ६१,३०० होते) २२,८५० रुपये परस्पर कर्जात जमा केले. माझ्या एफडीवरही होल्ड लावला. जॉइंट खात्यात फक्त आईचे पेन्शन येते. आता आईने सोसायटीला दिलेला ४०,००० चा चेक परत आला आहे. बँक म्हणते, कलम १७१ खाली आमचा हक्क आहे. हे खरे आहे का?

उत्तर :

पगाराच्या खात्यातून घेतलेल्या १२,६०० रुपयांबद्दल बँकेशी भांडण्यात अर्थ नाही. ते तिने हक्काने घेतले आहेत. जॉइंट खात्यातील २२,८५० रुपयांची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि तेथे बँकेची बाजू कच्ची आहे. मी एका बँकेच्या ठाणे आणि वाशी येथील शाखांत कर्जविभाग सांभाळून निवृत्त झालो आहे, त्यामुळे टेबलाच्या पलीकडे हा निर्णय कसा होतो हे मला ठाऊक आहे.

प्रथम कलम १७१ विषयी. भारतीय करार कायद्याचे, म्हणजे १८७२ च्या अधिनियमाचे, हे कलम बँकरच्या लीनविषयी, म्हणजे ग्राहकाची ताब्यात असलेली वस्तू किंवा रोखे येणे वसूल होईपर्यंत अडवून ठेवण्याच्या हक्काविषयी आहे. खात्यातील शिल्लक ही अशी वस्तू नव्हे. तुम्ही पैसे भरता तेव्हा ते बँकेच्या मालकीचे होतात आणि तेवढ्या रकमेपुरती बँक तुमची ऋणको होते. म्हणून तुमच्याबाबत जे घडले त्याचे खरे नाव सेट-ऑफ, म्हणजे बँक तुम्हाला जे देणे लागते त्यातून तुमच्याकडील येणे वजा करून घेणे, हे आहे. बँकांच्या पत्रांत, आणि कित्येकदा निकालपत्रांतही, हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात. तुमच्या दृष्टीने हा केवळ शब्दांचा खेळ नाही, कारण सेट-ऑफची अट त्याच्या व्याख्येतच दडलेली आहे. देणे आणि येणे त्याच दोन पक्षांमध्ये, त्याच नात्याने असले पाहिजे, आणि येणे ठरलेल्या रकमेचे व आज देय झालेले असले पाहिजे.

ही अट पगाराच्या खात्याला लावून पाहा. कर्ज तुमचे, खाते तुमचे, आणि तीन हप्त्यांचे ३४,२०० रुपये देय झालेले. एकूण वसुली ३५,४५० रुपयांची दिसते, म्हणजे वरचे १,२५० रुपये दंडात्मक शुल्काचे असावेत. त्याचा तपशील लेखी मागून घ्या. बँकेने फक्त थकलेले हप्ते घेतले, उरलेल्या कर्जाला हात लावला नाही, हेही योग्यच झाले. कर्जफेडीची मुदत रद्द करून सगळी रक्कम एकदम मागणारी रीकॉलची नोटीस दिल्याशिवाय पुढचे हप्ते देय होत नाहीत आणि त्यांच्यापोटी सेट-ऑफही होत नाही. कर्ज वाशीचे आणि खाते नौपाड्याचे, हा मुद्दा तक्रारीत घालू नका. सर्व शाखा मिळून बँक एकच, हे इंग्लंडमध्ये गार्नेट विरुद्ध मॅकेवन या खटल्यात ठरले, आणि योगायोगाने तेही १८७२ सालीच. पूर्वसूचना मिळाली नाही, या एकाच मुद्द्यावरही विसंबू नका. त्याच खटल्यात ग्राहकाला आधी कळवलेच पाहिजे, हे न्यायालयाने मान्य केले नव्हते. चांगल्या शाखेत आधी पत्र पाठवतात. पण ते न पाठवल्याने हक्कच नाहीसा होतो, असे म्हणता येत नाही.

आता जॉइंट खाते. येथे बँक पैसे देणे लागते ते तुम्हाला एकट्याला नव्हे, तर तुम्हा दोघांना मिळून, आणि कर्ज मात्र तुमच्या एकट्याकडून येणे आहे. पक्ष बदलले, म्हणून परस्परता तुटली. खाते ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ असल्याने तुम्ही एकटे त्यातून कितीही रक्कम काढू शकता, मग आम्ही का नाही, असे शाखेत सांगितले जाण्याची बरीच शक्यता आहे. पण ही सूचना खाते कोणी चालवायचे एवढेच ठरवते, पैसे कोणाचे हे ठरवत नाही. ‘निम्मी रक्कम तरी मुलाची’ हा युक्तिवादही टिकणारा नाही. अशा खात्याची वाटणी करण्याचा अधिकार बँकेला आपणहून मिळत नाही, आणि तुमच्या बाबतीत तर जमा होणारा प्रत्येक रुपया आईच्या पेन्शनचा आहे, हे पासबुकच सांगते.

चूक कशी होते, तेही सांगतो. संगणकावर थकबाकीदाराचा कस्टमर आयडी टाकला की तो क्रमांक जोडलेली सगळी खाती एका यादीत येतात, मग त्यात तो पहिला खातेदार असो वा दुसरा. जूनअखेर जवळ आलेली असते आणि ६० दिवसांच्या पुढे गेलेली खाती ९० दिवस ओलांडून एनपीए होऊ नयेत म्हणून वरून रोज फोन येत असतात. २४ जूनला तुमचा पहिला हप्ता ८० दिवस थकलेला होता. अशा वेळी यादीत शिल्लक दिसली की खातेदारांची नावे न वाचताच व्हाउचर केले जाते. संगणक येण्यापूर्वी मी स्वतः असाच चुकलो आहे. वाशीच्या घाऊक बाजारातील एका व्यापाऱ्याच्या वैयक्तिक कर्जापोटी मी त्याच्या एकत्र कुटुंबाच्या खात्यातून रक्कम वळती केली, कारण दोन्हीकडे सही त्याचीच होती. एका ठिकाणी तो स्वतःसाठी सही करत होता आणि दुसऱ्या ठिकाणी कर्ता म्हणून, हे लेखापरीक्षकाने दाखवून दिले, आणि मला ती नोंद मूळ तारखेने उलटवावी लागली.

तरीही बँकेला सुटका मिळू शकेल अशा दोन जागा आहेत आणि पत्र लिहिण्याआधी त्या तुम्ही तपासल्या पाहिजेत. पहिली म्हणजे कर्जाच्या कागदांवर आईची सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही आहे का. सहकर्जदार असल्यास ते देणे तिचेही होते आणि माझे वरचे सगळे म्हणणे कोसळते. जामीनदार असल्यास आधी तिच्याकडे रीतसर मागणी झालेली असली पाहिजे. दुसरी जागा म्हणजे जॉइंट खाते उघडतानाचा अर्ज. कोणाही एका खातेदाराच्या देण्यापोटी जॉइंट खात्यातूनही रक्कम वजा करता येईल, असे कलम काही बँकांच्या छापील अटींत असते, आणि त्यावर आईची सही असेल तर लढाई अवघड होते. मात्र तेच कलम केवळ तुमच्या कर्जकरारात असेल तर त्याने आई बांधली जात नाही. तुमच्या सहीने तुम्ही तुमचेच हक्क देऊ शकता, तिचे नव्हे. बँक कोणत्या कागदावर बोट ठेवते आहे, हे म्हणूनच लेखी विचारायचे.

पेन्शनचा मुद्दा दुय्यम ठेवा, असे माझे मत आहे. राधेश्याम गुप्ता विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तीचे पैसे हातात आल्यानंतरही जप्तीपासूनचे संरक्षण टिकते, असे म्हटले आहे; पण तो प्रश्न हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीतील जप्तीचा होता, आणि सेट-ऑफ म्हणजे न्यायालयाची जप्ती नव्हे, असे बँकेचा वकील लगेच म्हणेल. ‘कर्ज आईचे नाही’ हे वाक्य त्याला इतक्या सहज खोडता येणार नाही.

एफडी अजून मुदतीत असेल तर बँकेचे ते देणे आज देय झालेले नाही, म्हणून निव्वळ सेट-ऑफच्या हक्काने ती मोडता येत नाही. परंतु तुम्ही सही केलेल्या कर्जकरारात सर्व ठेवींवर लीन ठेवण्याचे आणि गरज पडल्यास त्या मुदतीपूर्वी मोडण्याचे कलम असण्याचा संभव मोठा आहे. ते असल्यास होल्ड टिकेल. त्यावर वाद घालण्यापेक्षा होल्ड नक्की किती रकमेवर आहे ते विचारा, कारण थकबाकी काही हजारांची आणि होल्ड संपूर्ण ठेवीवर, असे सर्रास घडते.

परत आलेल्या चेकची घाई मात्र करा. ६१,३०० मधून २२,८५० गेल्याने ३८,४५० उरले आणि चेक १,५५० रुपयांसाठी परत गेला. सोसायटीच्या सेक्रेटरींना आजच भेटून ४०,००० रुपये दुसऱ्या मार्गाने द्या. चेकविषयीच्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ ची नोटीस आलीच तर ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे देता येतात, पण प्रकरण तेथवर जाऊ देऊ नका. त्याच कायद्याचे कलम ३१ आईच्या बाजूचे आहे. चेकसाठी वापरता येण्याजोगी पुरेशी शिल्लक असताना बँकेने तो नाकारला, तर तिने चेक देणाऱ्याचे नुकसान भरून द्यायचे असते. वजावटच चुकीची ठरली तर शिल्लक पुरेशी होती, हे ओघानेच येते.

पत्र आईच्या सहीने नौपाडा शाखेला द्या, कारण हक्क तिचा डावलला गेला आहे, आणि पोच घ्या. त्यात २२,८५० रुपयांची नोंद २४ जूनच्या व्हॅल्यू डेटने उलटवावी, चेक परतीचे शुल्क परत करावे आणि ज्या कलमाच्या आधारे वजावट केली त्या कागदाची सहीसह प्रत द्यावी, एवढेच मागा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा नकार आला, तर आईच्या नावाने cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते.

नोंद उलटवली गेली की तेवढी थकबाकी पुन्हा उभी राहील, हे लक्षात घ्या. १२,६०० रुपयांत एप्रिलचा हप्ता फिटून मे महिन्याचे १,२०० भरले गेले, असे धरले तर दिवसांची मोजणी ५ मेपासून होईल आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ९० दिवस भरतील. पत्र देतानाच त्या २२,८५० रुपयांची सोय दुसरीकडून करून ठेवा, आणि आईचे पेन्शन तिच्या एकटीच्या नावाच्या खात्यात नेऊन तेथे तुमचे नाव फक्त नॉमिनी म्हणून लावा.