मिसेस कार्दोना आणि मिस्टर बिन खलफान

प्रश्न: स्पॅनिश लोकांना दोन-दोन आडनावं असतात, अरबांच्या नावात बिन नाहीतर बिंत असतं. ईमेल लिहिताना किंवा समोर भेटल्यावर यातल्या कशाने हाक मारायची? शेवटचा शब्द आडनाव धरून मिस्टर लावलं तर चालतं का?

नाही चालत. मी चालवून बघितलंय, एकाच आठवड्यात दोन्हीकडे, आणि त्याचा किस्सा आमच्या जुन्या ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अजून दर दिवाळीला निघतो आणि दरवेळी चूक माझीच असते. म्हणून लिहितोय.

मी तेव्हा मस्कतला होतो, रुवीत राहायचो आणि घालाला एका टाइल्सच्या कंपनीत को-ऑर्डिनेशन बघायचो. माल स्पेनमधून कास्तेयोनहून यायचा, तिकडे टाइल्सचे कारखानेच कारखाने आहेत. एका मोठ्या व्हिला प्रोजेक्टसाठी सप्लायरच्या एक्स्पोर्ट मॅनेजर बाई येणार होत्या. नावं बदलून लिहितो पण ठेवण तीच: मारिया होसे रुईस कार्दोना. आता हे चार शब्द बघून मी साहेबांकडे गेलो. साहेब आपले दादरचे, वीस वर्षं गल्फमध्ये. त्यांनी चष्मा वर करून सांगितलं, ‘मारिया बाईंचं नाव, होसे नवऱ्याचं, कार्दोना आडनाव. मधलं रुईस काहीतरी घराण्याचं असेल, काढून टाक.’ म्हणजे आपलं सुनीता रमेश कुलकर्णी असतं ना, तसं लावून टाकलं. मला पण पटलं, खोटं कशाला बोलू.

तर हॉटेल बुकिंग झालं मारिया कार्दोना नावाने, ड्रायव्हरच्या हातात पाटी गेली ‘MRS. MARIA CARDONA’, आणि बाई त्या पाटीसमोरून बॅग ओढत सरळ निघून गेल्या. थांबतील कशाला? ‘मारिया होसे’ हे मिळून एक नाव आहे, होसे कुणी नवरा नाही, त्यांना जन्मात कुणी नुसतं मारिया म्हटलेलं नाही, घरी म्हणतात मारियाहो. (उलटं केलं की ‘होसे मारिया’ होतं आणि तो पुरुष असतो, हे पण मला नंतर कळलं.) त्यांचं आडनाव रुईस. कार्दोना हे आईकडचं. त्यांना वाटलं कुणीतरी दुसरी मारिया कार्दोना येत असेल याच फ्लाइटने, स्पेनमध्ये अशा ढिगाने सापडतात. ड्रायव्हर तासभर पाटी धरून उभा, बाई टॅक्सी करून हॉटेलवर, आणि तिथे रिसेप्शनवाला पासपोर्ट बघून ‘रुईस’ शोधतोय तर बुकिंगच नाही. रात्री दीडला मला फोन. मी बनियनवर उभा राहून स्पेलिंग सांगतोय.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला पासपोर्टच्या खालच्या त्या बाणाबाणांच्या ओळीवर बोट ठेवून दाखवलं. ते मात्र मी कायमचं शिकलो. साधारण असं दिसतं:

```
P<ESPRUIZ<CARDONA<<MARIA<JOSE<<<<<<<<<<<<<<<
```

एकच बाण म्हणजे नुसती दोन शब्दांमधली मोकळी जागा, आणि डबल बाण म्हणजे इथे आडनाव संपलं, पुढे नाव. डबल बाणाच्या डावीकडचं सगळं आडनावात (पहिला P पासपोर्टचा, ESP देशाचा कोड, ते सोडून), त्यातलं पहिलं ते हाक मारायचं. बुकिंग, तिकीट, हॉटेल, काहीही करायचं असेल तर आडनावाच्या रकान्यात दोन्ही टाकायची, रुईस कार्दोना. हाक मारताना किंवा मेलमध्ये फक्त पहिलं, सेन्योरा रुईस. ‘दोन्या’ हा मानाचा शब्द लावायचा असेल तर त्याच्यापुढे नाव येतं, आडनाव नाही, दोन्या मारिया होसे. पुरुषाला ‘दोन’ लावतात (आकडा नव्हे), ‘दोन अमुक’. हे आपल्या ‘राव’ आणि ‘ताई’सारखं, नावालाच चिकटतं. आणि सेन्योरा म्हटलं म्हणजे ते नवऱ्याचं आडनाव असं नाही, तिकडे लग्नानंतर बाया आडनाव बदलत नाहीत, जन्माचीच दोन्ही शेवटपर्यंत.

पहिलं वडिलांचं, दुसरं आईचं, असं पूर्वी पक्कं होतं. स्पेनमध्ये 1999 च्या कायद्यापासून आईबाप ठरवून क्रम उलटा करू शकतात आणि 2017 पासून तर वडिलांचं आपोआप आधी लागणं पण बंद झालं. पण त्याने तुम्हाला काही फरक पडत नाही, कुणाचंही असो, पहिलं ते पहिलं. गाब्रिएल गार्सिया मार्केस कोलंबियाचे, पण पद्धत तीच, त्यांना आपल्याकडे सर्रास ‘मार्केस’ म्हणतात, लायब्ररीत एम खाली शोधतात आणि पुस्तक नाही म्हणून परत येतात. ते जी खाली असतं.

आता अरबांचं. त्याच दौऱ्यात गिऱ्हाइकाबरोबर मीटिंग होती. गिऱ्हाईक ओमानी, समजा सालिम बिन खलफान अल-हारिथी. त्यांची इंटिरियर बघणारी बाई मोझा बिंत खलफान अल-हारिथिया. साहेबांचा सिद्धांत असा की बिन हे डच लोकांच्या ‘व्हान’सारखं आडनावाचाच भाग, म्हणून पत्रावर ‘मिस्टर बिन खलफान’. आणि बाईंच्या नावात शेवटी ‘या’ जास्त आहे ती टायपिंग मिस्टेक म्हणून मला ती दुरुस्त करायला लावली. वर दोघांच्या नावात खलफान बघून रात्रीच्या जेवणाचं टेबल कुठल्या नावाने बुक केलं माहितीये? मिस्टर अँड मिसेस खलफान.

सालिमने पत्र वाचलं आणि एकदम शांतपणे विचारलं, ‘खलफान माझे वडील. ते सूरला असतात. मीटिंगला त्यांना बोलावू का?’ सगळे हसले. मोझा हसल्या नाहीत, कारण टेबलावरच्या कार्डाप्रमाणे त्या स्वतःच्या भावाची बायको झाल्या होत्या.

बिन म्हणजे मुलगा, बिंत म्हणजे मुलगी, बास. सालिम खलफानचा, मोझा खलफानची, म्हणजे भाऊ-बहीण. लग्न झालं तरी बाईचं बिंत बदलत नाही, कारण लग्नाने बाप बदलत नाही. त्यामुळे अरब नवरा-बायकोची बिन-बिंतच्या पुढची नावं सहसा जुळत नाहीत आणि जुळली तर आधी भाऊ-बहीण समजा. शेवटचं अल-हारिथी हे कबिल्याचं, आणि ओमानात बाई असेल तर त्याचं हारिथिया होतं, जसं आपल्या गावाकडे पाटलाची पाटलीण व्हायची. ओमानच्या शिक्षणमंत्री राहिलेल्या मदीहा बिंत अहमद अल-शैबानिया बघा, त्यांच्या नावातला ‘या’ तोच. टायपिंग मिस्टेक नाही.

आणि हाक मारायची पहिल्या नावाने. मिस्टर सालिम, डॉक्टर मदीहा. ही सलगी नाही, मान देऊनच पहिलं नाव, कारण बाकी सगळं नाव तो कुणाचा आणि कुठला हे सांगायला आहे. दुबईचे शेख मोहम्मद बिन राशिद अल-मक्तूम, त्यांना शेख मोहम्मद म्हणतात, शेख मक्तूम म्हटलं तर दुसराच माणूस होतो. ओमानात औपचारिक पत्र असेल तर आपल्या श्री. आणि श्रीमतीच्या जागी अल-फादिल आणि अल-फादिला, पुढे पूर्ण नाव. शेख मात्र दिसेल त्याला लावू नका, तिथे तो कबिल्याच्या मोठ्या माणसांचा मान आहे, आपल्या लोकांना वाटतं तो पांढरा लांब झगा, दिशदाशा, घातला की शेख.

खरं सांगू का, मराठी माणसाची यात चूक व्हायलाच नको होती. आपण काय लिहितो? स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. सालिम बिन खलफान अल-हारिथी म्हणजे सचिन रमेश तेंडुलकर, फक्त मधला ‘बिन’ आपण गिळलाय. सचिनला ‘मिस्टर रमेश’ म्हणणार का कुणी? पण साहेबांचं दुखणं वेगळंच होतं. ऑफिसमधले ओमानी त्यांना पहिल्या नावाने मिस्टर अमुक म्हणायचे आणि त्यांना वाटायचं की पोरं मान ठेवत नाहीत, आडनाव लावून साहेब म्हणायला पाहिजे. वीस वर्षं राहून एवढं कळलं नाही की तो मानच होता. मी एकदा सांगायला गेलो तर म्हणाले, ‘तू मला गल्फ शिकवू नकोस.’

आता जरा सांभाळून घ्यायच्या गोष्टी, आधी सांगायला हव्या होत्या पण असो. स्पेनमध्येच काही नावं दुसऱ्या आडनावाने चालतात, बहुतेक पहिलं फार कॉमन असतं म्हणून. गार्सिया लोर्काला लोर्का म्हणतात, माजी पंतप्रधान रोद्रिगेस सापातेरोंना सापातेरो, आणि पिकासो मुळात रुईस पिकासो. पण हे लोकांनी पाडलेलं वळण आहे, तुम्ही मेलमध्ये स्वतःहून पाडू नका, समोरच्याची खालची सही बघा, तो स्वतःला काय लिहितो ते वापरा. मध्ये आडवी रेघ असेल तर ते मिळून एकच आडनाव, पेद्रो सांचेस यांचं दुसरं आडनाव पेरेस-कास्तेहोन आहे तसं. पोर्तुगीज आणि ब्राझीलवाल्यांचं बरोबर उलटं, आईचं आधी, वडिलांचं शेवटी, म्हणजे साहेबांचा नियम जगात कुठे चालला असता तर तिथे. तिथे पण पोर्तुगालचा क्रिस्तियानो रोनाल्डो फसवतो, त्याचं आडनाव दोस सान्तोस आवेइरो आहे, रोनाल्डो नावातच येतं.

इजिप्तवाले बिन लिहितच नाहीत, नुसती नावांची माळ. मोहम्मद सलाहमधला सलाह म्हणजे त्याचे वडील, पण अख्खं जग त्याला सलाह म्हणतं आणि तो ओ देतो, त्यामुळे मी वर जे छाती ठोकून सांगितलं ते आखाताचं धरा. अब्दुल रहमान असेल तर अब्दुल एकटा तोडू नका, तो अर्थाने अर्धाच राहतो, ‘अमक्याचा दास’ मधला ‘अमका’ गायब. मलेशियात बिन आणि बिंती, हाक तिथेही पहिल्याच नावाने, महाथीर बिन मोहम्मद यांना डॉक्टर महाथीर म्हणतात.

मारिया होसे बाईंनी नंतर मला मेलमध्ये गंमत म्हणून सही केली, ‘मिसेस कार्दोना (माझ्या आईकडून नमस्कार)’. तो मेल अजून आहे माझ्याकडे. आणि साहेब, तुम्ही पण इथे असता हे मला माहितीये, त्या पत्राचा ड्राफ्ट तुमच्याच आयडीवरून आला होता, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, तो पण आहे. यंदा दिवाळीला ग्रुपवर टाकू का?