गोळी न घेणारीवर अन्याय होतो का?

प्रिय मुली,

तुझ्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. रूममेट राज्यसेवेच्या अभ्यासासाठी मोडाफिनिलची गोळी घेऊन रात्री दोनपर्यंत अभ्यासिकेत बसते आणि तू अकरालाच पेंगायला लागतेस, मग ती पुढे जाणार का? आणि जाणार असेल तर तो तुझ्यावर अन्याय नाही का? चिडली आहेस ती दुसऱ्या प्रश्नामुळे, पण मी आधी पहिला घेते. इतकी वर्षं औषधशास्त्र शिकवल्यावर, गोळी शरीरात नक्की काय करते हे पाहिल्याशिवाय न्याय-अन्यायावर बोलायला जीभ उचलत नाही.

मोडाफिनिल निघालं फ्रान्समध्ये. नार्कोलेप्सी नावाच्या आजारात माणसाला दिवसाढवळ्या अनावर झोप येते, त्यावरचं हे औषध. अमेरिकेत १९९८ मध्ये याच आजारासाठी त्याला मान्यता मिळाली, पुढे रात्रपाळीमुळे झोपेचं तंत्र बिघडलेल्यांनाही ते देऊ लागले. आपल्याकडे ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही, असा कायदा आहे. तरी पेठेत ते कसं मिळतं, हे मी तुला सांगायला नको.

हुशारी वाढवायला ते बनवलंच नव्हतं. त्याचं काम जागं ठेवणं, आणि ते काम ते चोख करतं. तुझ्या रूममेटचंच बघ. जेवण झाल्यावर सुस्ती येते म्हणून ती दुपारी तीनला दोनशे मिलिग्रॅमची गोळी घेते, असं तू लिहिलंस. घेतलेल्या औषधातलं निम्मं शरीराबाहेर जायला साधारण बारा ते पंधरा तास लागतात. म्हणजे पहाटे तीन ते सहाच्या दरम्यान शंभर मिलिग्रॅम अजून तिच्या रक्तात फिरत असतं. दोनला पाठ टेकली तरी झोप धड लागत नाही. सकाळी सातला गजर होतो, डोकं जड, वाचलेलं डोळ्यांसमोरून नुसतं सरकतं, आणि दुपारी पुन्हा गोळी. आठवडाभर हे चाललं की तिला वाटतं, गोळीविना अभ्यासच होत नाही. तिचं म्हणणं खोटं नाही. फक्त गोळीच्या ताकदीबद्दल ते फारसं काही सांगत नाही. कालच्या गोळीने उडवलेली झोप आजची गोळी झाकतेय, एवढंच. आणि दिवसभर वाचलेलं पक्कं बसण्यासाठी मेंदूला जी झोप लागते, नेमकी तीच कापली जातेय.

मग झोप पूर्ण झालेल्या, निरोगी माणसाने घेतली तर? इथे मला बुद्धिबळपटूंवरचा एक जर्मन अभ्यास फार आवडतो. २०१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ३९ खेळाडूंना वेगवेगळ्या दिवशी मोडाफिनिल, एकाग्रतेच्या विकारावर देतात ते मेथिलफेनिडेट, कॅफीन आणि औषध नसलेली नुसती गोळी देऊन संगणकाविरुद्ध झटपट डाव खेळायला बसवलं. औषध घेतल्यावर खेळाडू प्रत्येक चालीवर जास्त वेळ विचार करू लागले आणि घड्याळ संपल्यामुळे जास्त डाव हरले. वेळ संपून हरलेले डाव बाजूला काढले, तेव्हा मात्र मोडाफिनिल आणि मेथिलफेनिडेटचा फायदा दिसला. वेळेची मर्यादा नसती, तर गोळी थोडी कामाला आली असती.

आता तुझी राज्यसेवा पूर्व परीक्षा आठव. सामान्य अध्ययनाच्या पेपरात शंभर प्रश्न, दोन तास. एका प्रश्नाला ७२ सेकंद, त्यातच वाचणं, पर्याय खोडणं आणि गोल काळा करणं. आयोग रेंगाळून विचार करणाऱ्याला गुण देत नाही.

दुसरा अभ्यास २०२३ चा, मेलबर्न आणि केंब्रिजच्या संशोधकांचा. ठरावीक वजन पेलणाऱ्या पिशवीत कोणत्या वस्तू भरल्या तर एकूण किंमत सर्वांत जास्त होईल, अशी कोडी त्यांनी ४० निरोगी तरुणांना घातली. मोडाफिनिल किंवा तसल्याच औषधावर असताना मंडळींनी वेळ जास्त लावला, वस्तू जास्त वेळा आत-बाहेर केल्या, आणि भरलेल्या पिशवीची किंमत मात्र कमी आली. जे औषधाविना सरासरीहून चांगलं खेळायचे, त्यांच्यातले बरेच औषधावर सरासरीखाली घसरले. मेहनत वाढली, मेहनतीची प्रत उतरली. संध्याकाळी रूममेट सांगते ना, ‘आज कसलं भारी काम झालं’? ती थापा मारत नाही. काम झाल्याची भावना तिला खरोखरच येते.

त्या भावनेवर मात्र भरवसा नको. कॅनडातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये, लोकांना झोपेविना ठेवून, स्वतःच्या उत्तरांबद्दल त्यांना किती खात्री वाटते हे तपासलं होतं. मोडाफिनिलवर असलेल्यांना स्वतःबद्दल वाजवीपेक्षा जास्त खात्री वाटत होती. पूर्व परीक्षेत चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे पाव हिस्सा गुण कापले जातात, म्हणजे दोन गुणांच्या प्रश्नाला अर्धा गुण. ‘हा सोडून द्यावा’ असं ज्या प्रश्नाला वाटायला हवं, तिथे हात सरळ गोल काळा करत सुटला, तर काय होईल ते तूच मांडून बघ.

म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर: परीक्षेच्या खोलीत ती तुझ्यापुढे जाईल असं मला वाटत नाही. रटाळ, यांत्रिक उजळणीचे काही तास तिला जास्त मिळतील. तेवढा फायदा मी नाकारत नाही.

आता अन्याय. तू लिहिलंस, ‘तिला जे मिळतं ते मला मिळत नाही.’ मला तक्रारीची जागा दुसरीकडे दिसते. तुझ्या अभ्यासिकेत आधी दहा तास बसणारी मुलगी अभ्यासू समजली जायची. आता सकाळी चहाच्या टपरीवर ‘काल किती झाले?’ म्हटल्यावर चौदा सांगणारे भेटतात, आणि दहा सांगताना तुझा आवाज खाली जातो. त्या चौदातले किती तास गोळीचे, हे कुणी सांगत नाही. मोजपट्टीच गोळीवाल्यांनी लांबवली, आणि गोळी न घेणाऱ्यांना तिच्यावर स्वतःला मोजावं लागतंय. चार जणांनी चोरून केलेली गोष्ट पाचव्यावर न बोलता लादली जाते, आणि अन्याय मला त्यात दिसतो. ‘नको’ म्हणणं तुझा हक्क होता. आता ‘नको’ म्हणण्याला किंमत पडू लागली.

शिवाय ही परीक्षा जागांची आहे. ठरावीक गुण मिळवले की सगळे पास, असं इथे नाही. समजा गोळीने खरोखरच प्रत्येकाचे पाच गुण वाढले आणि सगळ्यांनीच ती घेतली. कटऑफ पाच गुणांनी वर जाईल, पदं तितकीच राहतील, यादीतली नावंही जवळपास तीच. उरेल काय, तर हजारो मुलांची उडालेली झोप, डोकेदुखी आणि धडधड. फायदा टिकायला बाकीच्यांनी गोळी न घेणं भाग आहे, म्हणजे गोळी घेणारा तुझ्या नकारावर जगतो.

यावर रूममेट म्हणेल, मग क्लासच्या फीचं काय? बरोबर आहे तिचं. पुण्यात कॉट परवडते की नाही, मेसचे पैसे घरून येतात की नाही, हा फरक या गोळीपेक्षा कितीतरी मोठा आहे, आणि गोळीवर आगपाखड करणारे पुष्कळजण त्याबद्दल मूग गिळून बसतात. पण एक विषमता आधीच आहे म्हणून दुसरी चालवून घ्यायची, हे मला पटत नाही. आणि क्लासमध्ये शिकलेली राज्यघटना पुढे तहसीलदाराच्या खुर्चीतही कामाला येते. जागरणाचे तास तिथे कुणाला दाखवणार?

तक्रार कुठे करू, असंही विचारलंस. खेळात याला नियम आहे. २००३ च्या पॅरिसच्या जागतिक अॅथलेटिक्स स्पर्धेत अमेरिकेची धावपटू केली व्हाइट शंभर आणि दोनशे मीटर जिंकली, तिच्या नमुन्यात मोडाफिनिल सापडलं, आणि पुढे दोन्ही पदकं गेली. शिक्षणात अमेरिकेच्या ड्यूक विद्यापीठाने २०११ मध्ये, अभ्यासातली कामगिरी वाढवायला चिठ्ठीविना अशी औषधं घेणं हा कॉपीचाच प्रकार ठरवला. आपल्याकडे २०२४ मध्ये सार्वजनिक परीक्षांतल्या गैरप्रकारांविरुद्ध केंद्राचा कायदा आला, पण त्याचा रोख पेपरफुटी, उत्तरपत्रिकांतली फेरफार, तोतया उमेदवार अशा गोष्टींवर आहे. गोळीचा त्यात उल्लेख नाही.

उल्लेख यावा असं मलाही वाटत नाही. परीक्षाकेंद्रावर लघवीचे नमुने घ्यायचे ठरलं, तर आधी कोण अडकेल? ज्याला लहानपणापासून एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा विकार आहे, जो मनोविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली रीतसर मेथिलफेनिडेट घेतो, तो. त्याची गोळी त्याला इतरांच्या बरोबरीला आणते. तिला अन्याय म्हणू नकोस, अभ्यासिकेत कुणी म्हणत असेल तर त्यालाही गप्प कर. पण त्याच्या पाकिटातून कुणी ‘एक दे ना’ म्हणत असेल, तर ते साधं प्रकरण नाही. मेथिलफेनिडेट अमली पदार्थांविरुद्धच्या एनडीपीएस कायद्याखाली येतं. देणारा आणि घेणारा, दोघंही गोत्यात येतील.

तू स्वतः एवढं कर. तासांची चौकशी टपरीवर सोडून दे आणि मॉक टेस्टचे पेपर काढ. किती प्रश्न सोडवले, किती चुकले, शेवटचे वीस प्रश्न कितव्या मिनिटाला हाती आले, हे प्रत्येक पेपरवर लिही. रूममेट तयार असेल तर तिलाही लिहू दे, गोळी घेतलेल्या दिवसांचं आणि न घेतलेल्या दिवसांचं वेगळं. माझ्या दहा पत्रांपेक्षा तिला तिचेच आकडे लवकर पटतील.

आणि तिच्याशी भांडण असलं तरी एका गोष्टीवर डोळा ठेव. या औषधाने क्वचित कुणाच्या त्वचेवर जीवघेणी प्रतिक्रिया उमटते, बहुधा पहिल्या काही आठवड्यांत. अंगावर पुरळ आलं, सोबत ताप असला, तोंडात फोड आले किंवा डोळे लाल झाले, तर ‘उष्णता झाली असेल’ म्हणून घरगुती उपाय करत बसू नका. गोळी तिथेच बंद, आणि त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत. ती गर्भनिरोधक गोळ्या घेत असेल तर मोडाफिनिलमुळे त्यांचा परिणाम कमी होतो, हेही तिला एकटीला गाठून सांग. डॉक्टरांपुढे लाजून काही लपवू नका, आणि जाताना पाकीट सोबत न्या, म्हणजे काय घेतलं आणि किती घेतलं हे त्यांना विचारत बसावं लागणार नाही.

तुझी,
मॅडम